कुत्र्याचा आरोग्यविमा : काय मिळते, काय मिळत नाही, आणि तो घ्यावा का?



या सदरात आपण नेहमी आपल्या गुडघ्यांची, साखरेची आणि रक्तदाबाची चर्चा करतो. या वेळी घरातल्या चार पायांच्या सभासदाची पाळी आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता कुत्रा आहे. कुणी तो हौसेने आणला, कुणाकडे नातवंडे सैन्यात गेल्यावर तो मागे राहिला, आणि एकट्या राहणाऱ्या कित्येकांना सकाळी घराबाहेर काढणारा तोच आहे. मी गेली अठरा वर्षे अश्दोदमधल्या एका वेटेरिनारच्या दवाखान्यात टेबलावर बसते. बिले करणे, विम्याचे फॉर्म भरणे आणि कंपन्यांना कागद पाठवणे हे माझे रोजचे काम. त्यामुळे विम्याचे पैसे कुणाला मिळाले, कुणाला नाही आणि का नाही, हे मी जवळून पाहिले आहे. तेच आज सांगते.

सुरुवातीला एक फरक लक्षात घ्या. आपण आजारी पडलो तर कुपात खोलीम आहे. 1995 पासून लागू झालेल्या राष्ट्रीय आरोग्यविमा कायद्याने प्रत्येक रहिवाशाला तो हक्क दिला आहे, आणि आधीचा आजार आहे म्हणून कुपात आपल्याला नाकारू शकत नाही. कुत्र्याच्या बाबतीत असे काहीही नाही. त्याचा विमा हा निव्वळ खासगी करार आहे. कागदावर लिहिले आहे तेवढेच मिळते, आणि आधीचा आजार असेल तर नकार मिळतो. हा फरक मनात न ठेवता विमा घेतला की पुढे मनस्ताप होतो.

विमा आणि सवलत-कार्ड या दोन गोष्टी वेगळ्या

दवाखान्यात येऊन "माझ्याकडे बिटुआख आहे" असे सांगणाऱ्या सगळ्यांकडे विमा असतोच असे नाही. काहींकडे एखाद्या दवाखान्याची किंवा दुकानाची सभासद योजना असते. महिन्याला काही शेकेल भरायचे आणि लस, तपासणी, खाणे स्वस्तात घ्यायचे, अशी ती सोय असते. तिच्यात वाईट काही नाही, पण मोठी शस्त्रक्रिया निघाली तर ती योजना दहा-पंधरा टक्के सूट देऊन मोकळी होते. खऱ्या विम्याला पोलिसा असते. तिच्यावर विमा कंपनीचे नाव असते आणि ती कंपनी वित्तबाजार, विमा व बचत प्राधिकरणाच्या देखरेखीखाली असते. फोनवर विकणारा माणूस कितीही गोड बोलला, तरी "मला पोलिसा पाठवा, ती वाचून मग कार्डाचा नंबर देईन" एवढे वाक्य म्हणायला विसरू नका.

साधारणपणे काय मिळते

बहुतेक पोलिसांमध्ये दोन मोठे भाग असतात, अपघात आणि आजार. अपघातात गाडीची धडक, हाड मोडणे, काहीतरी गिळणे, दुसऱ्या कुत्र्याने चावणे आणि सर्पदंश या गोष्टी येतात. इथे उन्हाळ्यात आढळणारा त्सेफा हा साप भारतातल्या घोणशीच्याच जातकुळीतला आहे. तो चावला तर प्रतिविष आणि काही दिवसांचे दवाखान्यातले राहणे असा मोठा खर्च होतो. आजारात पोटाचे विकार, त्वचेचे व कानाचे विकार, मूत्रपिंड, हृदय, गाठी आणि कर्करोग येतात. त्यासोबत रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे, सोनोग्राफी, शस्त्रक्रिया, भूल, दवाखान्यात ठेवणे आणि औषधे यांचा खर्च मिळतो.

पण पूर्ण बिल कोणी देत नाही. तीन गाळण्यांतून पैसे खाली येतात. पहिली गाळणी म्हणजे हिश्तात्फुत अत्स्मित, आपला स्वतःचा वाटा. तो बिलाच्या काही टक्के असतो, आणि बऱ्याचदा त्याला कमीत कमी रकमेची अटही असते. समजा आपला वाटा वीस टक्के, पण कमीत कमी शंभर शेकेल असा आहे. मग 250 शेकेलच्या बिलावर वीस टक्के म्हणजे पन्नास न जाता शंभर जातात, आणि हाती फक्त 150 येतात. लहानसहान आजारांत विमा फारसा कामाला का येत नाही, ते या एका अटीत दिसते.

दुसरी गाळणी वर्षाच्या कमाल रकमेची, आणि तिच्या पोटात दडलेल्या छोट्या मर्यादांची. जाहिरातीत मोठा आकडा असतो. आत मात्र शस्त्रक्रियेला इतके, तपासण्यांना इतके, औषधांना इतके, अशी वाटणी असते. तुमच्या कामाचा आकडा हा आतला असतो.

तिसरी गाळणी म्हणजे वगळलेल्या गोष्टींची यादी. तिच्याकडे आता जरा सविस्तर वळू.

काय मिळत नाही

काही गोष्टी सरळ आहेत. रेबीजची वार्षिक लस, नगरपालिकेचा परवाना, कातडीखालची चिप, नसबंदी, गोचिडांची औषधे, नखे कापणे, दातांवरचा खर काढणे, खाणे आणि बाळंतपण हे खर्च साधारणपणे मूळ पोलिसात येत नाहीत. हे खर्च आपल्याला आधीच ठाऊक असतात, आणि ठाऊक असलेल्या खर्चाचा विमा होत नाही. एखादी कंपनी जादा पैसे घेऊन लसी आणि दातांची सफाई जोडून देते. तेव्हा वहीत मांडून पाहा. बहुतेक वेळा जोडणीची वर्षाची किंमत आणि त्या लसींची किंमत जवळपास सारखीच निघते.

दुसरा गट टाळता येण्याजोग्या आजारांचा आहे, आणि इथे इस्राएलची हवा महत्त्वाची ठरते. या देशात तोलाअत हा-पार्क, म्हणजे पार्कचा कृमी, फार आहे. शेणकिडा हा कृमी पोटात बाळगतो. कुत्रा तो किडा खातो, किंवा किडा खाल्लेली पाल वा पक्षी खातो, आणि कृमी त्याच्या रक्तवाहिनीतून अन्ननलिकेपर्यंत पोचतो. तिथे गाठ तयार होते, आणि काही कुत्र्यांत त्या गाठीचा कर्करोग होतो. त्याला अडवायला ठरावीक अंतराने इंजेक्शन किंवा मानेवर सोडायचे थेंब मिळतात. बऱ्याच पोलिसांत अट असते की प्रतिबंधक उपाय वेळेवर केले असतील तरच अशा आजाराचे पैसे मिळतील. रेबीज आणि इतर लसींबाबतही तसेच. म्हणून कुत्र्याच्या लसीचे पिवळट पडलेले पुस्तक कपाटात जपून ठेवा. प्रत्येक डोसाची तारीख आणि वेटेरिनारचा शिक्का त्यात हवा. थेंब दुकानातून आणून घरी घातले असतील तर त्यांची पावतीही ठेवा, कारण दुसरा पुरावा कुठे नसतो.

तिसरा गट जन्मजात आणि वंशातून येणाऱ्या दोषांचा. जर्मन शेफर्डचे खुबे, चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वास, छोट्या जातींच्या गुडघ्याची सरकणारी वाटी, हे त्यात येतात. काही कंपन्या हे देतात, काही पूर्ण वगळतात, काही वयाच्या अटीवर देतात. तुमच्या कुत्र्याच्या जातीला कोणता दोष जास्त होतो हे वेटेरिनारला विचारा, आणि मग पोलिसात नेमका तोच शब्द शोधा.

तकुफात अख्शारा : थांबण्याचा काळ

आज विमा घेतला आणि उद्या पैसे मिळाले, असे होत नाही. सुरुवातीला काही काळ थांबावे लागते. अपघातासाठी हा काळ अगदी थोडे दिवस असतो किंवा नसतोच. आजारासाठी साधारण महिनाभर असतो. गुडघे आणि खुबे यांच्यासाठी मात्र पुष्कळ ठिकाणी तो सहा महिन्यांपर्यंत जातो.

गुडघ्यालाच इतका काळ का? कारण कुत्र्याच्या गुडघ्यातला रेत्सुआ त्सोलेवेत नावाचा बंध माणसाच्या बंधासारखा एका झटक्यात क्वचितच तुटतो. तो दोरखंडासारखा हळूहळू विरत जातो. महिनोन् महिने कुत्रा अधूनमधून किंचित लंगडतो, दुपारी झोपून उठला की आखडतो, आणि मग एके दिवशी सोफ्यावरून उडी मारतो आणि उरलेला धागा तुटतो. घरच्यांना वाटते, उडीमुळे झाले. कंपनीला वाटते, दुखणे जुने आहे. या दोन समजुतींच्या मध्येच बहुतेक भांडणे होतात. शिवाय एका गुडघ्याचा बंध गेला की दुसऱ्याचाही पुढेमागे जाण्याचा संभव बराच असतो. म्हणून कित्येक पोलिसांत अशी ओळ असते की विम्याआधी एक गुडघा बिघडला असेल तर दुसराही वगळला जाईल.

सगळ्यात मोठे कारण : मात्साव रेफुई कोदेम

नकाराची जेवढी पत्रे मी उघडली, त्यांतली सर्वांत जास्त या तीन शब्दांनी भरलेली होती. विमा सुरू होण्याआधी, किंवा थांबण्याच्या काळात, जी लक्षणे दिसली ती सगळी आधीची स्थिती समजली जातात. आजाराचे नाव त्या वेळी कुणाला ठाऊक असण्याची गरज नाही. लक्षण दिसले एवढे पुरते.

हे लक्षण कंपनीला कळते कुठून? तीक रेफुईतून. मोठा दावा आला की कंपनी कुत्र्याची सगळी वैद्यकीय नोंद मागते, पिल्लू असल्यापासूनची. वेटेरिनार संगणकात तुमच्या तोंडचे शब्दही टिपून ठेवतो. तुम्ही कानासाठी गेलेले असता, बोलता बोलता म्हणता की हल्ली हा पाणी फार पितो, आणि ते वाक्य नोंदीत जाते. दोन वर्षांनी मूत्रपिंडाचा आजार निघतो आणि कंपनी त्या वाक्यावर बोट ठेवते.

यावरचा उपाय वेटेरिनारपासून गोष्टी लपवणे हा नव्हे. त्याने कुत्र्याचेच नुकसान होईल. उपाय असा की विमा घेण्याआधी नोंदीची छापील प्रत मागा आणि मुलाला किंवा नातीला सोबत बसवून ती वाचा. नोंद अर्धवट असेल, उदाहरणार्थ कोणता पाय, कोणता कान, बरे झाले की नाही हे लिहिलेले नसेल, तर तेव्हाच वेटेरिनारकडून ती पूर्ण करून घ्या. त्यालाही तेव्हा आठवत असते. दोन वर्षांनी आठवणार नाही.

विमा घेताना आरोग्याविषयी प्रश्न विचारले जातात. 1981 च्या विमा करार कायद्याप्रमाणे लेखी विचारलेल्या महत्त्वाच्या प्रश्नाला पूर्ण आणि खरे उत्तर देणे हे आपले कर्तव्य आहे. फसवण्याच्या हेतूने उत्तर दडवले तर कंपनी पैसे देण्यातून सुटू शकते. तेव्हा जे आहे ते सांगा, आणि त्यामुळे कंपनी काय वगळणार आहे ते पहिला हप्ता भरण्याआधी लेखी मागा. "कान वगळले" असे स्पष्ट कळले तर आपण विचार करून ठरवू शकतो. पाच वर्षे हप्ते भरून मग कळले तर ठरवायला काही उरत नाही.

लकीची गोष्ट

हे सगळे एका खऱ्या कामात कसे घडले ते पाहा. नावे सोडून देते. आमच्या दवाखान्यात एक वृद्ध जोडपे यायचे. त्यांचा लकी हा पाच वर्षांचा, चोवीस किलोचा मिश्र जातीचा कुत्रा. त्यांनी 1 एप्रिलला विमा घेतला, महिना 110 शेकेल. त्यांचा स्वतःचा वाटा वीस टक्के, आणि गुडघ्यासाठी थांबण्याचा काळ 180 दिवस होता, तो सप्टेंबरच्या अखेरीस संपला.

नोव्हेंबरमध्ये लकीने मागचा डावा पाय उचलून धरला. वेटेरिनारने त्याला गुंगी देऊन गुडघा तपासला. खालचे हाड हाताने पुढे सरकत होते, म्हणजे बंध तुटलेला होता. शस्त्रक्रियेत खालच्या हाडाचा वरचा भाग कापून फिरवतात आणि धातूची पट्टी बसवतात, म्हणजे बंधाशिवायही गुडघा स्थिर राहतो. खर्च असा झाला : तपासणी आणि एक्स-रे 1,000 शेकेल, शस्त्रक्रिया, भूल आणि दवाखान्यातला मुक्काम 9,500, औषधे आणि पुढच्या तपासण्या 700, फिजिओथेरपी 800. एकूण 12,000.

कंपनीचे पत्र आले : नकार. कारण, फेब्रुवारीच्या नोंदीत "किंचित लंगडतो" असे लिहिले आहे, आणि फेब्रुवारी म्हणजे विम्याच्या आधीचा महिना. आजोबा तर पत्र बाजूला ठेवून पैसे गेलेच असे धरून बसले होते. आजी मात्र म्हणाल्या, "अहो, तेव्हा तर त्याचं नख तुटलं होतं, पुढच्या पायाचं!"

मी फेब्रुवारीचे बिल काढले. त्यावर स्पष्ट होते : पुढच्या उजव्या पंजाचे तुटलेले नख काढले, पट्टी बांधली. नोंदीत मात्र पायाचे नाव नव्हते. वेटेरिनारने लेखी खुलासा दिला, की त्या दिवशीचे लंगडणे पुढच्या उजव्या पायाचे होते, नखामुळे होते, आठवड्याने पट्टी काढली तेव्हा चाल नीट होती, आणि मागच्या पायाची तक्रार कधीच नव्हती. त्यासोबत फेब्रुवारीचे बिल आणि पट्टी काढल्याच्या भेटीची नोंद जोडली. अर्जात रडगाणे नव्हते, फक्त तारीख, पाय, कारण आणि पुरावा. कंपनीने पुन्हा तपासले आणि दावा मान्य केला.

आता हिशेब. फिजिओथेरपी त्यांच्या पोलिसात नव्हती, म्हणून 12,000 मधून 800 गेले. उरले 11,200. त्याचे वीस टक्के म्हणजे 2,240 हा त्यांचा वाटा. कंपनीने दिले 8,960. घरून गेले 2,240 आणि 800, मिळून 3,040 शेकेल. तोपर्यंत त्यांनी आठ महिन्यांचे 880 शेकेल हप्ते भरले होते. त्यांच्या पोलिसात शस्त्रक्रियेची आतली मर्यादा 7,000 असती, तर 9,500 च्या जागी तेवढेच धरले गेले असते आणि घरचा भार दोन हजारांनी वाढला असता.

तुमच्यावर अशी वेळ आली तर क्रम लक्षात ठेवा. नकार लेखी आणि कारणासहित मागा. फोनवरचे "नाही" म्हणजे उत्तर नव्हे. मग नोंद, बिले आणि वेटेरिनारचा खुलासा जोडून कंपनीच्या तक्रार विभागाकडे फेरतपासणी मागा. तिथेही न्याय वाटला नाही तर प्राधिकरणाकडे तक्रार करता येते, किंवा लहान दाव्यांच्या न्यायालयात जाता येते, जिथे साधारणपणे वकिलाशिवायच काम चालते. कायद्याप्रमाणे विम्याच्या दाव्याची मुदत घटनेपासून तीन वर्षांची आहे, पण पावत्या पाठवण्यासाठी पोलिसात याहून कमी दिवस दिलेले असतात. म्हणून काबाला हाती आली की त्याच आठवड्यात पाठवा, आणि प्रत स्वतःकडे ठेवा.

दोन सापळे : नूतनीकरण आणि कंपनी बदलणे

पोलिसा दर वर्षी नवी होते. इथे एक प्रश्न आवर्जून विचारा : या वर्षी झालेला आजार पुढच्या वर्षी "आधीचा" धरणार का? लकीला मधुमेह झाला असता तर त्याला आयुष्यभर इन्सुलिन लागले असते. चांगल्या पोलिसात सलगपणा, म्हणजे रेत्सिफुत, असतो आणि पुढच्या वर्षीही पैसे मिळत राहतात. तो नसेल तर मधुमेहाचा विमा पहिल्या वर्षापुरताच झाला म्हणायचा.

तसेच वीस शेकेल वाचवायला कंपनी बदलली, तर जुन्या कंपनीकडे असताना झालेला प्रत्येक आजार नव्या कंपनीसाठी आधीचाच असतो, आणि थांबण्याचा काळही पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. कुत्रा ठणठणीत आणि तरुण असेल तरच बदलाचा विचार करावा.

मग विमा घ्यावा का?

आता मुख्य प्रश्न. मी उदाहरणादाखल आकडे धरते, तुम्ही तुमचे घाला. पहिली पाच वर्षे महिना 110 आणि वय वाढल्यावर पुढची पाच वर्षे महिना 180, असे धरले तर पहिल्या पाच वर्षांचे 6,600 आणि पुढच्या पाचांचे 10,800, असे दहा वर्षांत 17,400 शेकेल होतात. कुत्र्याला जन्मभर कान आणि पोट यापलीकडे काही झाले नाही तर त्यातले फार थोडे परत येतील. लकीसारखी एक शस्त्रक्रिया झाली तर निम्म्याच्या आसपास परत येतील, आणि दोन मोठी दुखणी झाली तर बरोबरी होईल.

म्हणजे सरासरीने पाहिले तर विम्यात पैसे वाचत नाहीत, आणि कंपनी आपला खर्च आणि नफा त्यातूनच काढते. मग लोक तो का घेतात? वेळेसाठी. महिना 110 शेकेल वेगळ्या खात्यात टाकले असते, तर आठ महिन्यांनी लकीच्या मालकांकडे 880 असते आणि समोर बिल 12,000 चे. बचत हळू साठते, पण दुखणे खाते भरण्याची वाट पाहत नाही. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा : उद्या सकाळी दहा हजार शेकेलचे बिल आले, तर घरातल्या इतर गरजांना हात न लावता मी ते भरू शकतो का?

भरू शकत असाल तर विम्याची गरज नाही. ठरावीक रक्कम बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. भरू शकत नसाल आणि कुत्रा तरुण व निरोगी असेल, तर विमा घेण्यासारखा आहे, आणि तो पहिले दुखणे नोंदीत येण्याआधीच घ्यावा. त्यातही लसी आणि दातांच्या जोडण्या सोडून मोठ्या खर्चाचा विमा घ्या. स्वतःचा वाटा थोडा जास्त चालेल, पण शस्त्रक्रियेची आतली मर्यादा मोठी हवी.

कुत्रा नऊ-दहा वर्षांचा असेल तर गोष्ट वेगळी. बऱ्याच कंपन्या एका वयानंतर नवा कुत्रा घेतच नाहीत. ज्या घेतात त्या जास्त हप्ता लावतात, आणि तोवर नोंदीत गुडघे, दात, हृदयाचा आवाज असे इतके काही जमलेले असते की नेमके जे होणार तेच वगळले जाते. अशा कुत्र्यासाठी मी सहसा विमा सुचवत नाही. तो हप्ता डब्यात टाका, आणि वेटेरिनारला आधीच विचारून ठेवा की मोठ्या बिलाचे हप्ते करून देता का. पुष्कळ जण देतात. बेत दागानजवळ हिब्रू विद्यापीठाचे पशुवैद्यकीय शिक्षण रुग्णालय आहे. अवघड दुखण्यात वेटेरिनार तिथे पाठवतो, तेव्हा जाण्याआधी खर्चाचा लेखी अंदाज मागायला संकोच करू नका.

जाता जाता एक गोष्ट. कुत्रा दुसऱ्याला चावला तर इस्राएलमध्ये नुकसानीची जबाबदारी मालकावर येते, मालकाचा दोष नसला तरी. काही कुत्रा-विम्यांत या जबाबदारीचा भाग असतो, पण तुमच्या घराच्या विम्यातही "त्साद श्लिशी" या नावाने तो असू शकतो. आधी घराची पोलिसा काढून पाहा, नाहीतर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जातील.

पोलिसा हिब्रूत असते आणि अक्षर बारीक असते. म्हणून ती आल्यावर घरच्या तरुणाला बसवून पाच जागा शोधायला सांगा : स्वतःचा वाटा, शस्त्रक्रियेची मर्यादा, थांबण्याचे काळ, आधीच्या स्थितीची व्याख्या, आणि वयानुसार हप्त्याचा तक्ता. या पाच जागा समजल्या की पुढची पाने वाचली नाहीत तरी चालेल. यांतली एकही सापडली नाही, तर कंपनीला फोन करून ती कुठे आहे ते विचारा, आणि उत्तर लेखी येईपर्यंत सही करू नका.